ईआरपी लायसन्सचं ऑडिट आणि पुन्हापुन्हा दिसणाऱ्या चुका

"एका वेळी वीसच माणसं सिस्टिमवर असतात, मग वीस लायसन्स पुरे की!" ईआरपी, म्हणजे खरेदी-साठ्यापासून हिशेबापर्यंत कंपनीचं सगळं काम चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या लायसन्सबद्दल हे वाक्य मी कारखान्यांत, गोदामांत आणि चांगल्या शिकलेल्या आयटी मॅनेजरांच्या तोंडून सतत ऐकतो. लायसन्स कॉन्करंट प्रकारचं असेल तर ते बरोबर आहे. नेम्ड यूजर प्रकारचं असेल तर याच वाक्यातून पुढे लाखोंचं बिल निघतं.

कॉन्करंटमध्ये एका क्षणी किती जण आत आहेत ते मोजतात. शंभर जणांकडे आयडी असले तरी चालतं, एका वेळी वीसच्या वर जायचं नाही एवढंच. नेम्ड यूजरमध्ये माणूस मोजतात. तो आज आत आला की नाही, याला महत्त्व नाही. ओरॅकलच्या 'अॅप्लिकेशन यूजर'च्या व्याख्येत तर स्पष्टच म्हटलं आहे की वापरायची परवानगी दिलेला प्रत्येक जण मोजायचा, मग तो त्या घडीला वापरत असो वा नसो. लोकलचा पास ज्याच्या नावाचा असतो त्यानेच वापरायचा, तसंच हे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकच आयडी तिन्ही पाळ्यांनी वापरणं. चाकणजवळच्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळं एकत्र आलं होतं. तिथे एसएपी कंपनीचं ईआरपी होतं आणि नेम्ड यूजर लायसन्स ४२ होती. ऑफिसातले ३० जण आपापल्या आयडीने काम करायचे. उरलेले १२ आयडी शॉप फ्लोअरचे, STORE1, QC_LINE2, DISPATCH अशा नावांचे. पाळी बदलली की पुढचा माणूस त्याच आयडीने काम सुरू करायचा. पासवर्ड टर्मिनलच्या कडेला चिकटवलेला. सिस्टिममध्ये ४२ च्या वर आयडी कधीच नव्हते, म्हणून आयटीवाल्यांना वाटायचं की आपण चोख आहोत.

मग सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हेंडरचं ऑडिटचं पत्र आलं. त्यांनी एसएपीतच यूजर मोजणाऱ्या USMM चा रिपोर्ट मागितला, सोबत सगळ्या आयडींची यादी म्हणजे यूजर मास्टर मागितलं, आणि आयडीवर माणसाचं नाव नाही तिथे कारण विचारलं. मग USR41_MLD या टेबलातला मजकूर मागितला. एकाच आयडीने एकाच वेळी दोन ठिकाणांहून लॉगिन झालं की त्याची नोंद तिथे पडते. बहुतेकांना या टेबलाची माहितीच नसते. पण असं दुसरं लॉगिन करताना एसएपी पडद्यावर विचारतं की आधीचं लॉगिन बंद करू, की दोन्ही चालू ठेवू. दोन्ही चालू ठेवण्याच्या पर्यायासोबत लिहिलेलंही असतं की प्रॉडक्शन सिस्टिममध्ये एकाच आयडीने अनेक लॉगिन करणं लायसन्स करारात बसत नाही. तिथला मुकादम रोज तोच पर्याय निवडून पुढे जात होता. तेवढ्या घाईत ती ओळ वाचायची कोणी? शिवाय STORE1 सकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी सातपर्यंत चालू दिसत होता. चोवीस तास कामावर असलेला माणूस कुठे असतो, हा प्रश्न ऑडिटरला विचारावाही लागला नाही.

मग हजेरीपट निघाला. १२ आयडींमागे तीन पाळ्यांचे आणि साप्ताहिक सुट्टीचे बदली कामगार धरून ४१ जण निघाले. म्हणजे ७१ माणसं, लायसन्स ४२, कमी पडली २९. ही २९ दरपत्रकातल्या भावाने घ्यावी लागली, कारण ऑडिटच्या टेबलावर सवलत मागायला तुमच्या हातात काही उरलेलं नसतं. त्यात मागल्या वर्षांचं मेंटेनन्सही जोडलं गेलं. एसएपीच्या एंटरप्राइज सपोर्टचा दर वर्षाला लायसन्सच्या किमतीच्या २२ टक्के आहे. तीन वर्षांची थकबाकी धरली तर शंभर रुपयांच्या लायसन्समागे आणखी ६६ रुपये.

मला खरं दुःख पुढच्या गोष्टीचं झालं. ऑडिट संपल्यावर आम्ही त्या ४१ जणांशी एकेक करून बोललो. १८ जण फक्त शिल्लक किती आहे ते बघायला आत यायचे. रोज सकाळी एक छापील यादी लावली असती तर त्यांचं काम भागलं असतं. खरी गरज २३ जणांची होती, म्हणजे कमी पडत होती ११. उरलेल्या पैशांची लायसन्स आज कोणीही वापरत नाही.

म्हणून मी आता नवीन ठिकाणी गेलो की आधी सिस्टिम उघडत नाही, शॉप फ्लोअरवर जातो. टर्मिनलपाशी उभं राहून बघतो की कोण काय टाकतो, कोण नुसतं बघतो. मग खात्यांच्या नावाचे आयडी बंद करून माणसांच्या नावाचे काढतो. फक्त उत्पादनाची नोंद करणाऱ्याला पूर्ण प्रोफेशनल लायसन्स लागेलच असं नाही. जुन्या एसएपी करारांत वर्कर, एम्प्लॉई असे स्वस्त प्रकार असतात. पण ते आपल्या करारात लिहिलेले आहेत का, आणि त्यांत काय करायची मुभा आहे, हे बघूनच प्रकार लावा. प्रकार न लावता सोडलेला यूजर साधारणपणे सगळ्यात महागड्या प्रकारात धरला जातो. नवीन क्लाउड करारांत तर दिलेल्या अधिकारांवरून मोजणी होते, त्यामुळे "असू दे, पुढे लागेल" म्हणून दिलेले जादा रोलही पैसे खातात. एकाच आयडीचं दुसरं लॉगिन रोखणारा login/disable_multi_gui_login हा पॅरामीटर मी पहिल्याच आठवड्यात चालू करतो. लोक आरडाओरडा करतात, आणि त्या आरडाओरड्यातूनच कोण कोणाचा आयडी वापरत होतं ते समजतं.

दुसरी चूक मोठ्या कंपन्यांनाही महागात पडली आहे. वितरकांसाठी पोर्टल बांधायचं, ते मागून एकाच तांत्रिक आयडीने ईआरपीला जोडायचं आणि म्हणायचं, "आम्ही एकच यूजर वापरतो." फेब्रुवारी २०१७ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात एसएपी विरुद्ध डियाजिओ ही मद्यकंपनी, या खटल्यात नेमका हाच मुद्दा होता. डियाजिओने सेल्सफोर्स या दुसऱ्या कंपनीच्या क्लाउड सॉफ्टवेअरवर दोन प्रणाली बांधल्या होत्या, एक विक्री प्रतिनिधींसाठी आणि एक ग्राहकांनी थेट ऑर्डर टाकण्यासाठी. दोन्ही एसएपीच्या पीआय या मधल्या सॉफ्टवेअरमार्फत ईआरपीशी बोलत होत्या. करारात 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' वापर असे शब्द होते. कोर्टाने ठरवलं की ती माणसं अप्रत्यक्षपणे ईआरपीच वापरत आहेत, म्हणून त्यांना नेम्ड यूजर लायसन्स लागतं. एसएपीची मागणी सुमारे ५.४५ कोटी पौंडांची होती. त्या निकालात जबाबदारी ठरली, रक्कम नाही.

यानंतर एप्रिल २०१८ मध्ये एसएपीने माणसांऐवजी दस्तऐवज मोजायचा पर्याय आणला. बाहेरच्या प्रणालीतून ईआरपीत ऑर्डर, बीजक, खरेदी अशा नऊ प्रकारांपैकी कुठला दस्तऐवज तयार झाला की तो मोजायचा. नुसतं वाचलं तर मोजत नाहीत. तुमच्या पोर्टलवर वितरक खूप आणि ऑर्डरी थोड्या असतील तर हे बरं पडतं. ग्राहक मोजकेच पण मोठे असतील आणि त्यांची यंत्रणा रोज हजारो ओळी पाठवत असेल तर आकडा मांडून बघा. पण आपला जुना करार त्याआधीचा असेल तर हा पर्याय आपोआप लागू झालेला नाही, आपल्याला जुन्याच शब्दांत जगायचं आहे. पोर्टल बांधणारा डेव्हलपर कधीच करार वाचत नाही, त्यामुळे इंटरफेसची यादी मी स्वतः ठेवतो: कुठली प्रणाली, कुठला तांत्रिक आयडी, काय लिहिते, मागे किती माणसं. मायक्रोसॉफ्टही मधली प्रणाली घालून यूजर कमी झाले असं मानत नाही.

कॉन्करंटवाल्यांनाही फसायला जागा आहे. दुपारी तीनला पहिली पाळी सुटते, दुसरी बसते. जाणारा खिडकी बंद करतो, पण लॉगआउट करत नाही. सर्व्हरवर त्याचं सेशन तसंच राहतं आणि दुसरा आपल्या आयडीने आत येतो. सेशन सुटायची मुदत तासभराची असेल तर वीस लायसन्सच्या जागी तीस-पस्तीस चढतात. काही ईआरपी अशा वेळी आत घेत नाहीत, ते बरं. काही आत घेतात आणि कमाल आकडा गुपचूप लिहून ठेवतात, आणि ऑडिटला तोच निघतो. मुदत पंधरा मिनिटांवर आणा आणि पाळी बदलताना दहा मिनिटं स्वतः आकडा बघा. एका माणसाने तीन खिडक्या उघडल्या तर एक धरायचं की तीन, हेही करारात शोधा.

अपग्रेड करताना मोजायची पद्धतच बदलते, हे विसरू नका. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स नॅव्हमध्ये कॉन्करंट होतं, त्याच्या जागी २०१८ मध्ये आलेल्या बिझनेस सेंट्रलमध्ये नेम्ड आहे. जुन्या संख्येवर बजेट मांडलं की पहिल्याच महिन्यात तीन पाळ्यांचा प्रश्न समोर उभा.

नोकरी सोडलेल्याचा आयडी नुसता लॉक करू नका. एसएपीच्या मोजणीत लॉक केलेला यूजर धरला जातो, मुदत संपलेला नाही. यूजर सांभाळायच्या SU01 पडद्यावर त्याच्या आयडीची मुदत संपायची तारीख टाका. RSUSR200 या रिपोर्टमधून शेवटचं लॉगिन दर महिन्याला काढा आणि एचआरच्या यादीशी ताडून बघा.

एकच माणूस एका सिस्टिममध्ये SPATIL आणि दुसऱ्यात PATILS असेल तर तो दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो. सगळीकडे एकच आयडी ठेवा.

पत्र आल्यावर रातोरात यूजर उडवायचे, हा सल्ला कोणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा. बदलांच्या नोंदी राहतात, कोणत्या तारखेला किती आयडी गेले ते दिसतं, आणि मग साध्या चुकीवर लपवाछपवीचा संशय येतो. साफसफाई वर्षभर थोडी थोडी होते, ती घाईने होत नाही. हे ऐकायला नव्या लोकांना धीर नसतो.

पत्र आलं की मी आधी करारातलं ऑडिटचं कलम काढतो: सूचना किती दिवसांची, कुठल्या सिस्टिम, कुठला काळ. मग आपल्याच घरी मोजणी करतो आणि आकडे समजल्यावरच उत्तर देतो. व्हेंडरशी बोलणारा एकच माणूस ठरवतो. मागितलं तेवढंच देतो आणि जे देतो त्याची प्रत ठेवतो. रक्कम ठरल्यावर सही करण्याआधी शेवटच्या पत्रात कुठल्या तारखेपर्यंतचा वापर मिटला आणि कुठल्या इंटरफेससकट मिटला, हे नावानिशी लिहून घेतो. हे लिहून घेतलं नाही, तर पुढच्या ऑडिटला त्याच पोर्टलचे पैसे पुन्हा मागितले जाऊ शकतात.