आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग: व्होल्टेज चढत नसेल तर या चुका टाळा

द्विमितीय जेलमध्ये प्रथिनं आधी आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगने पीएचप्रमाणे आणि मग एसडीएस-पेजने आकारमानाप्रमाणे वेगळी करतात. जेल रंगवून झालं की ठिपक्यांऐवजी आडवे ओघळ दिसतात आणि दोष एसडीएस-पेजच्या माथी मारला जातो. ओघळ आडवे असतील तर बहुतेक वेळा गडबड त्याआधीच, पहिल्या मितीत झालेली असते. स्ट्रिप मशीनवर असतानाच ती पॉवर सप्लायच्या पडद्यावर दिसत होती, फक्त तिकडे कोणी पाहिलं नव्हतं.

एक उदाहरण घेऊ. ७ सेंटीमीटरची, पीएच ३ ते १० ची आयपीजी स्ट्रिप, म्हणजे पीएचचा चढ पक्का बसवलेली जेलची पट्टी आहे. नमुना पीबीएसमध्ये विरघळवलेला आहे. रीहायड्रेशन बफरमध्ये ८ मोलर युरिया, २ टक्के चॅप्स, ५० मिलिमोलर डीटीटी, थोडे अँफोलाइट आणि रंग दिसण्यापुरता ब्रोमोफिनॉल ब्लू. १०० मायक्रोलिटर बफरमध्ये २५ मायक्रोलिटर नमुना मिसळला, एकूण १२५. या स्ट्रिपला एवढंच द्रव लागतं, त्यामुळे हिशेब बरोबर वाटतो.

पण आत दोन गोष्टी बिघडल्या. युरिया ८ वरून ६.४ मोलरवर आला, म्हणजे काही प्रथिनं नीट उलगडणार नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. पीबीएसमध्ये सोडियम क्लोराइड साधारण १३७ मिलिमोलर असतं. पाचपट पातळ झाल्यावरही ते २७ मिलिमोलर उरतं, आणि स्ट्रिपमध्ये क्षार १० मिलिमोलरच्या खाली हवेत.

आता करंट प्रथिनं नाही, मीठ वाहून नेतं. प्रत्येक स्ट्रिपमागे ५० मायक्रोअँपिअरची मर्यादा लावलेली असते. ती लगेच गाठली जाते आणि मशीन व्होल्टेज तिथेच रोखून धरतं. सेट केलेले ४००० व्होल्ट, पडद्यावर मात्र ५०० च्या आसपास. निळा रंगही जागचा फारसा हलत नाही. तो अॅनोडकडे सरकायला हवा. (सरकला म्हणजे फोकसिंग पूर्ण झालं असं मात्र नाही, रंग प्रथिनांच्या कितीतरी आधी पोचतो.)

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे व्होल्ट-अवर भरेपर्यंत तसंच चालू ठेवणं. ८००० व्होल्ट-अवर ५०० व्होल्टवर भरायला १६ तास लागतात. आकडा भरतो, पण पट्टे पसरटच राहतात. आपल्या आयसोइलेक्ट्रिक बिंदूपासून, म्हणजे ज्या पीएचला त्याचा एकूण प्रभार शून्य होतो तिथून, भरकटलेल्या प्रथिनाला मागे ओढतं ते विद्युतक्षेत्र. तेच कमजोर असेल तर विसरण, म्हणजे प्रथिनांचं आपोआप पसरणं, जिंकतं. करंटची मर्यादा वाढवून बघणं त्याहून वाईट. स्ट्रिप तापते, सुकते आणि कधी कधी चक्क जळते.

उपाय मशीनवर नाही, नमुन्यात आहे. नमुन्याच्या चौपट थंड अॅसिटोन घालून उणे २० अंशांवर किमान दोन तास ठेवा. सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव काढून टाका, गाळ थंड ८० टक्के अॅसिटोनने धुवा आणि काही मिनिटंच उघडा ठेवा. खडखडीत वाळला तर तो पुन्हा विरघळता विरघळत नाही. मग थेट १२५ मायक्रोलिटर रीहायड्रेशन बफरमध्ये विरघळवा आणि न विरघळलेले कण सेंट्रिफ्यूज करून वेगळे करा. युरिया आणि मीठ, दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात. थोडेफार क्षार उरलेच तर इलेक्ट्रोड आणि स्ट्रिपच्या मध्ये पाण्याने ओलसर केलेले, टिपून घेतलेले कागदी विक ठेवा आणि सुरुवातीच्या कमी व्होल्टेजच्या टप्प्यानंतर ते बदला. टोकांकडे साचलेलं मीठ त्यांच्याबरोबर निघून जातं.

स्ट्रिप भिजवताना १२५ हा आकडा मनाने बदलू नका. फुगल्यावर जेलचं आकारमान जवळपास तेवढंच असतं. कमी द्रवात जेल पूर्ण फुगत नाही आणि मोठी प्रथिनं आत शिरत नाहीत; जास्त झालं तर प्रथिनं बाहेरच्या थरात राहून जातात. जेलची बाजू खाली, मध्ये बुडबुडा नको, वर मिनरल ऑइल, आणि २० अंशांच्या आसपास १२ तास. तेल विसरलात तर पाणी उडतं आणि युरियाचे स्फटिक धरतात. खोली फार थंड असेल तरी तेच होतं.

म्हणून कोणी बफर गरम करून युरिया विरघळवतो. ३७ अंशांच्या वर युरियापासून सायनेट झपाट्याने तयार होतं आणि ते लायसिनला चिकटून त्याचा धन प्रभार घालवतं. मग एकाच प्रथिनाचे ठिपके आम्ल बाजूकडे ओळीने दिसतात. फॉस्फोरिलेशनमुळेही अशीच ओळ दिसते, त्यामुळे ताज्या, न तापवलेल्या बफरमध्ये नमुना पुन्हा लावल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

ओघळ फक्त अल्कधर्मी टोकालाच असतील तर मीठ शोधत बसू नका. डायसल्फाइड बंध तोडून ठेवणाऱ्या डीटीटीवर तिथल्या पीएचला ऋण प्रभार येतो, ते अॅनोडकडे निघून जातं आणि मागे राहिलेल्या प्रथिनांत डायसल्फाइड बंध पुन्हा जुळतात. कॅथोडच्या विकमध्ये डीटीटी घालून बघा.