पापण्या सुजल्या म्हणून काजळ फेकलंत? या चुका टाळा

आमच्या वहिनींनी रविवारी केसांना डाय लावला, सोमवारी नवं काजळ घातलं आणि मंगळवारी सकाळी पापण्या सुजून डोळे उघडेनात. काजळ कचऱ्यात गेलं. आठ-दहा दिवसांत सूज उतरली आणि काजळच वाईट होतं, यावर घरात एकमत झालं. पुढच्या महिन्यात काजळाला हात न लावता त्यांनी पुन्हा डाय केला. दोन दिवसांनी पापण्या पुन्हा तशाच! या खेपेला कानांच्या पाळ्याही लाल होऊन खाजत होत्या.

पहिली चूक दिवस मोजण्यातली. कातडीला लागलेल्या वस्तूची अशी ॲलर्जी लगेच उठत नाही, साधारण एक ते तीन दिवस घेते. त्यामुळे पुरळ आलं की काल काय लावलं एवढंच आठवून भागत नाही, मागचे तीन-चार दिवस लिहून काढावे लागतात.

दुसरी चूक जागेची. टाळूची कातडी जाड, तिथे बऱ्याचदा नुसती खाज सुटते. पापणीची कातडी अगदी पातळ, ती आधी सुजते. कान, केसांची कड आणि मानही पाहा. पापण्यांसोबत तिथेही लाली असेल तर संशय केसांना लावलेल्या वस्तूवर घ्यायचा. (नखांना लावलेलं पॉलिशही असंच पापणीवर उमटतं, कारण बोटं सारखी डोळ्यांकडे जातात.)

“आठ वर्षं हाच डाय लावतेय” हा वहिनींचा मुद्दा. पण ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही जडते. डायमधला नेहमीचा संशयित म्हणजे पॅराफेनिलीनडायअमिन, थोडक्यात पीपीडी. ‘अमोनिया नाही’ असं पाकिटावर असलं तरी पीपीडी असू शकतो, ‘हर्बल’ आणि काळ्या मेंदीतही. घटकांची बारीक अक्षरं वाचायची ती यासाठी.

वहिनींनी मग घरीच डायचा थेंब कानामागे लावून अर्ध्या तासाने पाहिला. काही दिसलं नाही, आणि दिसणारही नव्हतं. शिवाय एकदा सूज येऊन गेलेल्या माणसाने डायची चाचणी घरी करूच नये. त्वचारोगतज्ज्ञ संशयित घटक लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, त्या 48 तासांनी काढून पाहतात आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही. पाठीवर स्टेरॉइड मलम लावलं असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, नाहीतर खरी ॲलर्जीही दडून राहते. वहिनींच्या पाठीवर पीपीडीच्या जागी लाल, फोडाळ चकता उठला.

काजळ? क्रीमसारखी धुवून न टाकायची वस्तू तपासायची तर कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावतात. खाज सुटली की थांबायचं. काजळाचीही परीक्षा अशी झाली असती, पण ते कधीच कचऱ्यात गेलं होतं.

चेहरा झपाट्याने सुजला किंवा श्वास अडखळला तर मात्र शोध बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.