गोड टार्ट शेल: ओव्हनच्या आधीची तयारी

रविवारी संध्याकाळी पाचला पाहुणे येणार आहेत आणि लेमन टार्ट करायचा बेत आहे, असं धरू. २३ सेंटिमीटरचा, कडांना चुण्या असलेला, सुट्या तळाचा टिन आहे आणि ओव्हन म्हणजे घरातला ओटीजी. लेमन फिलिंग कधीही जमतं. कस लागतो तो शेलचा, म्हणजे फिलिंग धरणाऱ्या पिठाच्या कवचाचा, आणि त्याची तयारी शनिवारी रात्रीच सुरू होते. शेल बिघडतो तो दोन वेगळ्या प्रकारांनी. एकतर तो आक्रसतो, म्हणजे कड टिनपासून सुटून आत ओढली जाते. नाहीतर तो बसतो, म्हणजे उभी भिंत वितळल्यासारखी घसरून तळाशी गोळा होते. आक्रसण्याचं मूळ ग्लुटेनमध्ये, म्हणजे मैदा भिजला की तयार होणाऱ्या ताणदार प्रथिनात असतं आणि बसण्याचं बटरमध्ये. दोन्हींवरचे उपायही वेगवेगळे आहेत, त्यामुळे पुढची तयारी करताना आपण यातल्या कशासाठी काय करतोय हे डोक्यात असू द्या.

शनिवारी रात्री ओट्यावर काढून ठेवायचं ते असं: २२५ ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, १२५ ग्रॅम बटर, ९० ग्रॅम आयसिंग शुगर, एक अंडं आणि चिमूटभर मीठ. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नसतं, म्हणून मैद्याचा ताण थोडा कमी होतो. बटर विकतचं, अनसॉल्टेडच घ्या. खारं असेल तर वरचं मीठ वगळा. घरचं पांढरं लोणी मात्र इथे नको. त्यात ताकाचं पाणी किती राहिलंय याचा भरवसा नसतो, आणि जास्तीचं पाणी मैद्याला मिळालं की ग्लुटेन तयार होतं. साखरही दाणेदार नको. दाणे पिठात तसेच राहतात आणि भट्टीत गेल्यावर वितळून शेल बिस्किटासारखा पसरतो. घरी दळलेली पिठीसाखर चालेल, पण बारीक चाळणीतून चाळून घ्या.

अंडं चालत नसेल तर त्याच्या जागी दोन टेबलस्पून थंड दूध घ्या. एका अंड्यात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे ओलाव्याचा हिशेब जवळपास जुळतो. फक्त अंड्यातली प्रथिनं भाजताना घट्ट होऊन भिंत धरून ठेवतात, तो आधार दुधात नाही. अशा वेळी पुढे सांगितलेल्या विश्रांतीत अजिबात काटकसर करू नका.

मऊ पण न वितळलेलं बटर आणि साखर एकजीव करा. फेसू नका, कारण आत कोंडलेली हवा भट्टीत फुगते. अंडं मिसळा, मग मैदा, कॉर्नफ्लोअर आणि मीठ घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. इथे पोळीच्या कणकेची सवय आड येते. कणीक तिंबून मऊसूत होते, पण हे पीठ तिंबलं की रबरासारखं ताणदार होतं. गोळा न करता दोन सेंटिमीटर जाडीची चपटी चकती करा आणि क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. चपटी अशासाठी, की ती आतपर्यंत सारखी गार होते आणि सकाळी लाटताना कडा फाटत नाहीत. बटर आजूबाजूचे वास पटकन शोषतं, म्हणून गुंडाळताना फट ठेवू नका.

ही पहिली विश्रांती. कमीत कमी दोन तास, पण रात्रभर मिळाली तर उत्तम. या वेळात मैदा ओलावा नीट शोषून घेतो आणि मिसळताना ताणलं गेलेलं ग्लुटेन हळूहळू सैल पडतं. फ्रीजरमध्ये वीस मिनिटं ठेवून ही वेळ वाचवता येईल असं वाटतं, पण नाही वाचत. फ्रीजर बटर कडक करतो, पीठ हाताला छान घट्ट लागतं, मात्र आतला ताण जिथल्या तिथे राहतो. तो ताण सोडायला वेळच लागतो, आणि गारठ्यात तर तो आणखी सावकाश सुटतो.

शेल आधी फिलिंगशिवाय भाजायचा असतो आणि तेव्हा त्यात कागदावर वजनं भरतात. त्याच रात्री त्या वजनांचीही सोय बघून ठेवा. विकतचे सिरॅमिक मणी असतील तर ते एकदा टिनमध्ये ओतून पाहा. एका पाकिटात बहुधा तळावर एक थर येतो, आणि तेवढ्याने काम होत नाही. तळ फुगू नये एवढंच वजनांचं काम नाही. भिंतीला आतून टेकू देणं हे त्यांचं खरं काम आहे, म्हणून टिन काठोकाठ भरलाच पाहिजे. २३ सेंटिमीटरच्या टिनला वाळलेले हरभरे पाऊण किलोपेक्षा थोडे जास्त लागतात, तेव्हा किलोभर हाताशी ठेवा. राजमाही चालतो, पण त्याचे दाणे मोठे असल्यामुळे तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ते शिरत नाहीत, आणि शेल नेमका तिथेच सुटतो. माझी पसंती हरभऱ्याला आहे, किंवा कोपऱ्यात मूठभर तांदूळ आणि वर राजमा, अशा जोडीला. वजनांखाली घालायला बेकिंग पेपर किंवा अॅल्युमिनियम फॉइल लागेल. बटर पेपर म्हणून मिळणाऱ्या काही कागदांवर मेणाचा थर असतो आणि तो ओव्हनमध्ये वितळून धुरावतो, तेव्हा पाकिटावर ओव्हनसाठी चालतो असं लिहिलंय का ते बघून घ्या.

रविवारी सकाळी साडेनऊला चकती बाहेर काढा. दहा-पंधरा मिनिटांत ती वाकवली तर तडकत नाही, पण बोट दाबलं तर थंड लागते, अशी झाली की लाटायला घ्या. मे महिन्यात पाच-सात मिनिटंही पुरतात. दोन बेकिंग पेपरांच्या मध्ये ठेवून लाटलं तर वरून पीठ भुरभुरावं लागत नाही. मधून बाहेर लाटत, दर वेळी थोडं फिरवत तीन मिलिमीटर जाडीची आणि निदान तिसेक सेंटिमीटर व्यासाची पोळी करा. आता मिनिटभर हात लावू नका आणि कडेकडे बघा. ती जागची हलली नाही तर पुढे जा. आपोआप आत सरकली तर ताण अजून बाकी आहे. पोळी कागदासकट ट्रेवर ठेवून अर्धा तास पुन्हा फ्रीजमध्ये जाऊ द्या. ओव्हनमध्ये जे होणार आहे, तेच तुम्हाला इथे आधी दिसतंय.

टिनमध्ये घालताना पोळी ताणायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. तिला टिनवर सैल सोडा, एका हाताने बाहेरची कड उचलून धरा आणि दुसऱ्या हाताने ती आत सोडत सोडत कोपऱ्यापर्यंत न्या. कोपऱ्यात पीठ बोटाने ढकललं की ते तिथे पातळ होऊन ताणलं जातं आणि भाजताना तेवढंच परत वर येतं. त्यापेक्षा थोडं जास्तीचं पीठ कोपऱ्यात उतरू द्या आणि मगच चुण्यांमध्ये हलकेच दाबा. टिनला बटर अगदी पुसटसं लावा, कारण गुळगुळीत भिंतीवर पीठ आणखी सहज घसरतं. वरची कड लगेच सपाट कापू नका. सेंटिमीटरभर बाहेर लोंबू द्या. उरलेलं पीठ टाकू नका. तडा गेला तर बुजवायला त्यातला लिंबाएवढा गोळा लागेल आणि बाकीचं फ्रीजरमध्ये महिनाभर राहतं.

मग दुसरी विश्रांती, फ्रीजमध्ये एक तास. लाटताना आणि बसवताना पुन्हा आलेला ताण इथे सुटतो. तासाभराने धारदार सुरीने बाहेरची कड कापा, पण टिनच्या काठाच्या दोन मिलिमीटर वर, म्हणजे थोडंसं आक्रसलं तरी भिंत आखूड पडणार नाही. यानंतर वीस मिनिटं फ्रीजर. आता फ्रीजरचा खरा उपयोग होतो. ताण गेलेला आहे, फक्त बटर दगडासारखं हवं आहे. बटर पस्तीस अंशांच्या आतच वितळतं, आणि पिठाला आकार धरायला त्याहून खूप जास्त उष्णता लागते. या दोन्हींच्या मधल्या काळात भिंत कशाच्या जोरावर उभी राहणार? गोड पिठात साखर आणि बटर भरपूर असल्यामुळे ते साध्या पाय-पेस्ट्रीपेक्षा आक्रसतं कमी पण बसतं जास्त. म्हणून गोठलेलं बटर, तापलेला ओव्हन आणि काठोकाठ वजनं ही तिन्ही एकाच वेळी तयार हवीत.

शेल फ्रीजरमध्ये जाताच ओटीजी १८० अंशांवर, वरची आणि खालची अशा दोन्ही कॉइल चालू ठेवून तापायला लावा. रिकामा ट्रेही आत खालच्या खाचेत राहू द्या, म्हणजे टिनला तळातून लगेच उष्णता मिळेल. शेल बाहेर काढल्यावर कागद आधी हातात चुरगाळून मऊ करा, तो कोपऱ्यापर्यंत नीट बसवा आणि कड झाकेल एवढा वर येऊ द्या. हरभरे ओता आणि बोटांनी मधून भिंतीकडे सारा. मध्ये थोडी खळगी राहिली तरी हरकत नाही, भिंतीपाशी मात्र ते काठाला टेकलेच पाहिजेत. तळाला काट्याने टोचे मारू नका. वजनांखाली त्यांची गरज नसते आणि पातळ लेमन फिलिंग त्याच भोकांतून खाली झिरपतं.

पंचवीस मिनिटांनी कागदाचं एक टोक सावकाश उचलून बघा. कागद सुटून आला, भिंत कोरडी आणि फिकट झाली असेल, तर वजनं काढायची वेळ झाली. पीठ कागदाला चिकटून येत असेल किंवा भिंत तेलकट चकाकत असेल तर कागद परत ठेवा आणि आणखी पाच मिनिटं द्या. बसलेल्या शेलांपैकी बरेचसे याच ठिकाणी घाईने टेकू काढल्यामुळे बसतात. कागदाची चारही टोकं धरून वजनं उचला. ती फार गरम असतात, तेव्हा खोल पातेलं आधीच शेजारी ठेवलेलं असू द्या.

उघडा शेल आणखी बारा-पंधरा मिनिटं भाजा. तळ कोरडा आणि मारी बिस्किटाच्या रंगाचा झाला पाहिजे. मध्येच तळ फुगला तर चमच्याच्या पाठीने हलकेच दाबा. तडा दिसला तर जपून ठेवलेल्या गोळ्यातलं पीठ बोटाने त्यात भरा. दाबून लावू नका, नुसतं लिंपा. शेवटी फेटलेल्या अंड्याचा पातळ हात तळाला देऊन दोन मिनिटं ओव्हनमध्ये ठेवलं की तो थर सुकून फिलिंगचा ओलावा अडवतो.

हे सगळं होईपर्यंत साधारण एक वाजतो. शेल टिनमध्येच, जाळीवर गार होऊ द्या. गरम असताना बाहेर काढला तर भिंत मोडते. फिलिंग ओतायला तीन वाजेपर्यंत सवड आहे. हरभरे पूर्ण गार झाल्यावर वेगळ्या बरणीत भरा आणि तीवर ‘बेकिंगचे’ अशी चिठ्ठी लावा. एकदा भाजलेले हरभरे भिजवून उसळ केली तरी नीट शिजत नाहीत, पण वजनं म्हणून पुन्हा पुन्हा वापरता येतात. त्यांना खवट वास यायला लागला की मात्र बदला.