झोपेच्या गोळ्या इथे चौदाच का मिळतात

इंग्लंडमध्ये येऊन मला एकोणीस वर्षं झाली आणि त्यातली बहुतेक फार्मसीच्या काउंटरमागे गेली. आपल्याकडून नव्याने आलेला माणूस माझं आडनाव वाचतो, मराठीत बोलायला लागतो आणि हळूच खिशातून अल्प्राझोलामची जवळजवळ रिकामी स्ट्रिप काढतो. "ताई, ही इथे मिळेल का? तिकडे रोज घ्यायचो." नाही म्हणताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण समोरच्याच्या चेहऱ्यावर भीती दिसते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यातलं बरंचसं स्ट्रिप संपण्याआधी कळलं, तर पुढचा त्रास टळतो.

आधी कायद्याचं थोडक्यात. भारतातही ही औषधं मोकळी नाहीत. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमध्ये आहे, म्हणजे मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. पण ओळखीच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवून स्ट्रिप मिळत राहते, हे आपण सगळे जाणतो. इथे ती वाट नाही. भारतीय डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही, आणि अल्प्राझोलाम एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, लिहिलंच जात नाही, फक्त खासगी डॉक्टर देऊ शकतात. जीपी, म्हणजे आपण नाव नोंदवतो ते नेहमीचे डॉक्टर, झोपेसाठी औषध देतातच असं नाही, पण दिलं तर बहुधा झोपिक्लोन देतात. ते जून २०१४ पासून नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. साधी चिठ्ठी सहा महिने चालते, याची मात्र २८ दिवसांत बाद होते. एका वेळी ३० दिवसांपेक्षा जास्त पुरवठा देऊ नये, अशी डॉक्टरांना सूचना आहे. प्रत्यक्षात सात किंवा चौदा गोळ्याच हातात पडतात. ब्लडप्रेशरच्या गोळ्या तुम्ही ॲपवरून दर महिन्याला 'रिपीट' मागवता, तसं हे औषध बहुतेक ठिकाणी रिपीटवर टाकत नाहीत. दर वेळी कुणीतरी तुमच्याशी बोलतं आणि मगच नवी चिठ्ठी निघते.

हा निव्वळ सरकारी काटेकोरपणा नाही. १९६०-७०च्या दशकांत या देशात अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या सढळ हाताने लिहिल्या गेल्या. पंधरा-वीस वर्षं त्या घेत राहिलेली आणि सोडता न येणारी माणसं मागे राहिली. जानेवारी १९८८ मध्ये औषधसुरक्षा समितीने डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, की दोन ते चार आठवडेच, तेही त्रास तीव्र असेल तरच. तो सल्ला आजही उभा आहे. २०२२ मध्ये 'नाइस' या संस्थेने सवय लावणाऱ्या औषधांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार गोळी सुरू करतानाच ती किती दिवस घ्यायची, पुन्हा कधी भेटायचं आणि कशी थांबवायची हे रुग्णाशी बोलून ठरवायचं असतं.

दोन-चार आठवडेच का, हे शरीरात काय होतं ते कळलं की उमगतं. ही औषधं मेंदूतल्या शांत करणाऱ्या संदेशाचा जोर वाढवतात. काही आठवड्यांत मेंदू त्या जोराला सरावतो आणि स्वतःची बाजू सैल सोडतो. तेव्हा तीच गोळी कमी झोप आणते. आणि तिथेच खरी फसगत होते. एक रात्र गोळी चुकली की झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते. माणूस म्हणतो, "बघा, मला गोळीशिवाय झोपच येत नाही." प्रत्यक्षात ती रात्र गोळी सुटल्याची असते, मूळ निद्रानाशाची नसते. फरक कसा ओळखायचा? गोळी सुटल्याचा त्रास डोस कमी केल्यावर एक-दोन दिवसांत उसळतो, त्यासोबत हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, बारीक आवाजानेही दचकणं येतं, आणि डोस तिथेच स्थिर ठेवला तर बहुधा काही दिवसांत ओसरू लागतो. मूळचा निद्रानाश असा तारखेला बांधलेला नसतो. चौदा गोळ्यांनंतरची भेट असते ती हा फरक पाहण्यासाठी. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, तर हे पाहायला कुणी नसतं, आणि तोवर सवय लागलेली असते.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये इतकंच सांगते. नागपूरहून आलेले, पंचेचाळिशीचे, आयटीत. तिकडे तीन वर्षं रोज रात्री अल्प्राझोलाम अर्धा मिलिग्रॅम. येताना साठ गोळ्या आणल्या होत्या. जीपीकडे नाव नोंदवायचं राहून गेलं. माझ्यासमोर आले तेव्हा सहा उरल्या होत्या आणि "आता सहा दिवसांत बंदच करतो" असं त्यांनी ठरवलं होतं. मी त्यांना हात जोडून थांबवलं. इतकी वर्षं घेतलेली ही गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. तुमच्यापैकी कुणाच्या गोळ्या संपत आल्या असतील तर कृपा करून हे लक्षात ठेवा. त्याच दिवशी जीपीला फोन करा, आणि तातडीची वेळ मिळत नसेल तर एनएचएसच्या १११ या क्रमांकावर फोन करा.

त्यांनी त्याच दुपारी जवळच्या सर्जरीत, म्हणजे जीपीच्या दवाखान्यात, नाव नोंदवलं. नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिकाम्या स्ट्रिपा दाखवल्या. खरं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि याचा फार उपयोग झाला. तिसऱ्या दिवशी भेट मिळाली तेव्हा चार गोळ्या उरल्या होत्या. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम पुढे चालू ठेवलं नाही. शरीरात जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर नेलं, कारण त्याचा अंमल हळूहळू उतरतो आणि ते थोडं थोडं कमी करता येतं. इथल्या औषधकोशात पाव मिलिग्रॅम अल्प्राझोलाम म्हणजे ढोबळमानाने पाच मिलिग्रॅम डायझेपाम असा हिशोब आहे, म्हणून अर्ध्याला दहा. पहिले सात दिवस अर्धी जुनी गोळी आणि पाच मिलिग्रॅम डायझेपाम, पुढचे सात दिवस फक्त दहा मिलिग्रॅम डायझेपाम. साडेतीन जुन्या गोळ्या लागल्या, उरलेली अर्धी त्यांनी माझ्याकडे नष्ट करायला आणून दिली. (उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, कचऱ्यात टाकू नका. कोणतीही फार्मसी परत घेते.)

मग दर पंधरवड्याला एक मिलिग्रॅम कमी. नऊ, आठ, सात, सहा. दर वेळी चौदा दिवसांची चिठ्ठी, दर वेळी दहा मिनिटांचा फोन. सहावर असताना ऑफिसात रिलीज आली, चार रात्री झोप नाही, हात कापायला लागले. त्यांना वाटलं आता डॉक्टर वाढवून देतील. डॉक्टरांनी वाढवलं नाही, सहावरच आणखी एक पंधरवडा थांबायला सांगितलं. दहाव्या दिवशी कापरं गेलं. एक महिन्याच्या गोळ्या हातात असत्या, तर त्या चार रात्रींत त्यांनी दोन-दोन घेतल्या असत्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. पुढे पाच, चार, तीन, दोन. शेवटी डायझेपामचं पातळ औषध, पाच मिलिलिटरमध्ये दोन मिलिग्रॅम असलेलं, कारण गोळीचे इतके बारीक तुकडे नीट होत नाहीत. दीड, एक, अर्धा, आणि बंद. एकूण सव्वीस आठवडे लागले. काहींना वर्ष लागतं. मधल्या काळात झोपेसाठी त्यांनी एनएचएसच्या 'टॉकिंग थेरपीज' या बोलून उपचार करणाऱ्या सेवेकडे स्वतःच नाव दिलं, त्याला जीपीची चिठ्ठी लागत नाही. तिथे झोपेच्या वेळा बांधून देतात आणि बिछान्यात जागं पडून राहण्याची सवय मोडतात. इथे निद्रानाशावरचा पहिला उपचार हाच, गोळी त्यानंतर.

या काळात त्यांनी सुरुवातीला गाडी चालवली नाही. इंग्लंड-वेल्समध्ये मार्च २०१५ पासून रक्तातल्या डायझेपामला कायद्याची मर्यादा आहे. औषध डॉक्टरांनी दिलेलं आणि सांगितल्याप्रमाणेच घेतलेलं असेल तर बचाव मिळतो, पण सुस्ती असताना गाडी चालवणं तेव्हाही गुन्हाच आहे. चिठ्ठीचा कागद जवळ ठेवा. वाइन, बिअर नको, आणि कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्या फार्मासिस्टला विचारल्याशिवाय नकोत. या गोष्टी एकत्र आल्या की झोपेत श्वास मंदावतो, आणि बरीचशी मरणं या एकत्र घेण्यातूनच होतात.

पैशांचा प्रश्न लोक संकोचाने विचारतात, तो रास्त आहे. इंग्लंडमध्ये मे २०२४ पासून प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात, मग दर पंधरवड्याच्या चिठ्ठीचा खर्च वाढतो. त्यासाठी तीन महिन्यांचं किंवा वर्षाचं आगाऊ भरणा प्रमाणपत्र घ्या. तीन महिन्यांत चार औषधं लागली तरी ते स्वस्त पडतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे शुल्क नाही.

गोळ्या हरवल्या, बॅग चोरीला गेली, तर काउंटरवर आमच्याशी भांडून उपयोग नाही. बऱ्याच सर्जऱ्या हरवलेल्या गोळ्या पुन्हा देत नाहीत, किंवा डॉक्टरांनी बोलल्यावरच देतात. खरीच अडचण असेल तर झोपिक्लोन किंवा डायझेपामसारख्या औषधांचा जास्तीत जास्त पाच दिवसांचा तातडीचा पुरवठा फार्मासिस्ट स्वतःच्या अखत्यारीत देऊ शकतो. पण ते औषध तुम्हाला आधी इथल्या डॉक्टरांनी लिहिलेलं असायला हवं, आणि निर्णय फार्मासिस्टचा असतो. भावाला कुरिअरने पाठवायला सांगू नका. चिठ्ठीशिवाय ही औषधं बाळगणंही गुन्हा आहे. आणि ऑनलाइन, किंवा कुणाच्या ओळखीतून मिळणाऱ्या सुट्या गोळ्या तर अजिबात नको. अशा बनावट गोळ्यांमध्ये लेबलवरच्या औषधाऐवजी भलतीच, कितीतरी तीव्र द्रव्ये सापडली आहेत.

आई-बाबा भेटीला येणार असतील आणि त्यांना ही गोळी चालू असेल, तर तिकीट काढतानाच त्यांच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्यायला सांगा. त्यात पासपोर्टवर आहे तसं नाव, औषधाचं मूळ नाव, डोस, आणि सोबत किती गोळ्या आहेत हे असावं. गोळ्या मूळ पाकिटातच आणाव्यात. तीन महिन्यांपेक्षा कमी पुरवठ्याला एवढं पुरतं, तीन महिने किंवा त्याहून जास्त असेल तर होम ऑफिसचा परवाना आधी काढावा लागतो. आणि ते घरी पोचले की पहिल्याच संध्याकाळी स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजा, परतीच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजा. गोळ्या कमी पडत असतील तर दुसऱ्या दिवशी सर्जरीला फोन करून तात्पुरता रुग्ण म्हणून त्यांचं नाव घाला. रात्री उठताना त्यांच्या खोलीत दिवा राहील असं बघा. साठीपुढे या गोळीवर रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, आणि अनोळखी घरातला जिना त्यांना पाठ नसतो.