लग्न झालंय आणि ऑफिसमधलं कुणीतरी आवडायला लागलंय? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे तो विचार जबरदस्तीने दाबणं. "आजपासून त्याचा विचारच करायचा नाही" असं ठरवलं की डोकं सारखं चेक करत बसतं, विचार येतोय का, आणि त्या चेक करण्यातच तो येतो. 1987 साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, आणि नंतर मुभा दिल्यावर तर ज्यांना आधीपासून मुभा होती त्यांच्यापेक्षाही यांना अस्वल जास्त आठवलं. त्यामुळे विचार आला तर येऊ दे, त्याच्याशी भांडू नका, हातातलं काम चालू ठेवा.

दुसरी चूक, सगळा गिल्ट एकाच मापाने मोजणं. तो नेमका कधी टोचतो ते बघा ना. नुसतं कुणी छान वाटलं म्हणून टोचत असेल तर तुम्ही काही केलेलंच नाहीये. पण नवरा किंवा बायको खोलीत आली की फोन उलटा ठेवला जातो, साधेच मेसेज असूनही चॅट डिलीट होतो, त्या वेळी टोचत असेल तर तो गिल्ट खरं बोलतोय, त्याचं ऐका.

तिसरी चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ओढ फक्त त्या माणसाचीच आहे असं धरून चालणं. समजा लग्नाला दहा वर्षं झालेली एक बाई आहे. तिने कागदावर लिहून काढलं की त्याच्यासोबतचे कुठले क्षण परत परत आठवतात. प्रेझेंटेशन झाल्यावर त्याने विचारलं "टेन्शन आलं होतं का गं?", एकदा तिचं अर्धवट राहिलेलं वाक्य त्याने दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारलं. त्यात त्याचं दिसणं कुठेच नाही, सगळीकडे कुणीतरी तिला विचारतंय. आणि घरी? बिल भरलं का, मुलांना कोण आणणार, बस्स. म्हणजे भूक त्या विचारण्याची आहे.

मग पुढची चूक होते, रात्री घाईघाईत सगळं सांगून मोकळं व्हायचं. ओझं तुमचं उतरतं पण समोरच्याच्या डोक्यात ते नाव कायमचं बसतं. अजून काहीच घडलेलं नसेल तर नाव नको, गरज सांगा, "आपण फक्त कामाचंच बोलतो रे, माझा दिवस कसा गेला ते विचारत जा ना". बोलणं, भेटणं पुढे गेलं असेल तर मात्र हे लागू नाही, तिथे लपवणं हाच मोठा घाव असतो.

आणि दरवेळी संसारात काही कमीच असेल असंही नाही हं. रोज एकत्र काम, डेडलाइन, सोबत जिंकणं, एवढ्यानेही ओढ वाटू शकते, उगाच जोडीदाराच्या चुका शोधत बसू नका. सहकाऱ्याशी अचानक तुटक वागायचीही गरज नाही, फक्त उशिरापर्यंतचे चॅट आणि घरातल्या तक्रारी त्याच्याकडे सांगणं तेवढं थांबवा.