पाच मिनिटांचे भाषण दोन मिनिटांत बसवताना

मुंबईतील आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेसाठी मी मिठी नदीवर पाच मिनिटांचे भाषण तयार केले होते. प्राथमिक फेरी पार पडल्यावर कळले की अंतिम फेरीत प्रत्येकाला दोनच मिनिटे मिळणार आहेत, आणि हाताशी एक आठवडा होता. त्या आठवड्यातले पहिले तीन दिवस मी चुकीच्या कामात घालवले.

माझे भाषण साधारण ५४० शब्दांचे होते. सत्तर शब्दांची प्रस्तावना, पंचेचाळीस शब्दांचा समारोप आणि मध्ये प्रत्येकी सुमारे पंच्याऐंशी शब्दांचे पाच मुद्दे: नदीचा उगम व मार्ग, २६ जुलै २००५ चा पूर, पात्र अरुंद होण्याची कारणे, प्लास्टिक व सांडपाणी, आणि नागरिकांनी काय करावे. पाचही मुद्दे मला प्रिय होते, म्हणून मी प्रत्येक वाक्य आवळले. ‘पवई आणि विहार तलाव पावसाळ्यात भरून वाहू लागले की त्यांचे पाणी मिठीत येते आणि माहीमच्या खाडीपर्यंत जाते’ या वाक्याचे ‘पवई-विहारच्या सांडव्यातून उगम, माहीमच्या खाडीत विलय’ असे झाले. क्रियापदे गेली, जोडशब्द गेले आणि तरीही ३३० शब्द उरले. घाईने बोलूनही घड्याळात दोन मिनिटे पंचवीस सेकंद झाली.

त्याहून मोठी अडचण मोठ्या बहिणीने दाखवून दिली. मी भाषण म्हणून दाखवल्यावर तिला विचारले, “ताई, काय लक्षात राहिले?” ती म्हणाली, “पूर आला होता, एवढेच. बाकी सगळे मथळे ऐकल्यासारखे वाटले.” वाचताना आवळलेले वाक्य पुन्हा वाचता येते, ऐकताना मात्र मागे जाता येत नाही, त्यामुळे श्रोता पहिले वाक्य उलगडत असतानाच पुढची दोन निसटतात.

मग मी आधी हिशेब केला. सावकाश बोलताना माझा वेग मिनिटाला सुमारे ११० शब्दांचा आहे. म्हणजे दोन मिनिटांत २२० शब्द. परंतु थांबण्यासाठी दहा-पंधरा सेकंद राखायची तर जेमतेम १९५. एवढ्यात दोनच मुद्दे त्यांच्या मूळ लांबीत मावतात. (प्रत्येकाने स्वतःचा वेग मोजावा, माझा आकडा दुसऱ्याला लागू होईलच असे नाही.)

कोणते दोन ठेवायचे हे ठरवताना मी प्रत्येक मुद्द्याचा कागद वेगळा केला आणि एकेक बाजूला ठेवून उरलेले मोठ्याने म्हटले. प्लास्टिकचा मुद्दा काढणे सर्वांत जड गेले, कारण त्यासाठी मी धारावीच्या बाजूने नदीकाठी जाऊन टिपणे काढली होती. पण तो काढल्यावर उरलेल्या भाषणाला कोठेही धक्का बसला नाही. याउलट पात्र अरुंद झाल्याचा मुद्दा काढला की पूर नुसताच पावसाचा वाटू लागे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे खरे, तथापि विमानतळाजवळ वळवलेला प्रवाह आणि वांद्रे-कुर्ला संकुलासाठी घातलेला भराव सांगितल्याशिवाय त्या पाण्याला वाट का मिळाली नाही हे कळत नाही. म्हणून हे दोन मुद्दे एकमेकांशिवाय उभे राहत नव्हते आणि तेच राहिले.

त्यानंतरचे काम सांधेजोडीचे. जुनी प्रस्तावना पाचही मुद्द्यांची ओळख करून देत होती, म्हणून ती पूर्ण काढली आणि भाषण थेट २६ जुलैच्या दुपारपासून सुरू केले. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ आणि ‘या सर्व कारणांमुळे’ हे शब्दप्रयोग शोधून खोडले, कारण ते ज्याकडे बोट दाखवत होते ते आता भाषणात नव्हते. समारोपात नागरिकांना केलेले आवाहन होते; त्याचा आधार गेल्यामुळे तेही गेले, आणि त्याजागी नदीला जागा परत देण्याविषयी पंचवीस शब्द लिहिले. काढलेल्या उगमाच्या मुद्द्यातील तलावांपासून खाडीपर्यंतचे एक वाक्य मात्र मला परत आणावे लागले, कारण नदी कोठून कोठे जाते हे माहीत नसलेल्या श्रोत्याला पात्र अरुंद झाल्याचे महत्त्व समजत नव्हते. ते वाक्य मी आवळलेल्या रूपात न आणता जसेच्या तसे, क्रियापदांसह आणले, आणि त्यासाठी पुराच्या वर्णनातील दुसरे एक वाक्य पूर्ण गाळले.

ही पद्धत मुद्दे सुटे असतील तेव्हाच सहज चालते. एखाद्या भाषणात प्रत्येक मुद्दा मागच्यावर उभा असेल, तर मधला काढता येत नाही. तेव्हा विषयच लहान घ्यावा लागतो, उदाहरणार्थ संपूर्ण नदीऐवजी फक्त विमानतळाजवळचे वळण.

शेवटच्या सरावात माझे भाषण एक मिनिट बावन्न सेकंदांत संपले. मी ताईला पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि तिने पूर, वळवलेला प्रवाह आणि भराव हे तिन्ही, त्याच क्रमाने, स्वतःच्या शब्दांत सांगितले.