ललित लेखाची चिरफाड: ‘मी’ मोजू नका, दोन ‘मी’ वेगळे करा

ललित लेख आणि माहितीपर लेख यांतला फरक विचारला की बहुतेक जण सांगतात, ललितात ‘मी’ येतो. या उत्तराचा मला आता कंटाळा आलाय. ‘मी पाच एकरांत केळी लावली, मी ठिबक केलं’ यात दर वाक्यात ‘मी’ आहे, तरी तो शेतीच्या पानावरचा लेख.

लेख दोनदा वाचा, एकदा मोठ्यानं. मग त्यातली माहिती एका वाक्यात लिहा. माहितीपर लेख त्या वाक्यात बऱ्यापैकी मावतो. ललित लेखाचं वाक्य मात्र हास्यास्पद होतं. ‘वादळात केळी पडली’, बस.

आता अवघड भाग. इथे मी स्वतः आपटलो आहे.

रावेर तालुक्यातला एक तरुण लेख घेऊन आला होता. मे महिन्यातलं वादळ, एका रात्रीत आडवी झालेली बाग. घरात कुणी बोलत नाही, आणि हा आठ वर्षांचा पोरगा मित्रांबरोबर पडलेल्या खोडांवरून उड्या मारतोय. वडील बांधावरून एवढंच म्हणतात, ‘केयी पळली.’ पुढे पोरगाही आजीला धावत जाऊन सांगतो, ‘केयी पळली!’ बाकी सगळ्या लेखात शब्द ‘केळी’च. मी लाल पेन काढलं, दोन्हीकडे ‘केळी पडली’ केलं आणि वर शेरा मारला: एकवाक्यता ठेवा.

‘केयी पळली’ ही तिकडची लेवा गणबोली. ती घरात ऐकलेल्या माणसानं असं करावं, याची आजही लाज वाटते. त्या लेखात दोन माणसं ‘मी’ म्हणतात. एक ‘केयी’ म्हणणारा पोरगा, त्याला गंमत वाटतेय. दुसरा ‘केळी’ लिहिणारा मोठा माणूस, त्याला बांधावरच्या बापाचा चेहरा आत्ता कळतोय. त्यांच्यात वीस वर्षांचं अंतर आहे आणि लेखाचा आवाज त्या अंतरातून येतो. मी दुरुस्ती केली आणि तेच बुजवून टाकलं.

म्हणून दोन रंगांची पेनं घ्या. तेव्हाच्या ‘मी’ची वाक्यं निळी, आत्ताच्या ‘मी’ची हिरवी. क्रियापदाचा काळ पाहून रंग देऊ नका, तिथेच घोळ होतो. ‘आम्ही उड्या मारत होतो’ निळं. ‘तेव्हा कुणी आम्हाला हाकललं नाही, याचं आता नवल वाटतं’ हिरवं. ‘वडिलांनी चपला हातात घेतल्या होत्या’ याला कोणता रंग? पाहिलं पोरानं, पण ते सांगण्याजोगं आहे हे मोठ्यानं ठरवलं. अशा वाक्यांना दोन्ही रंग द्या, लेखाचं वजन बहुधा तिथेच असतं. सगळा लेख निळा निघाला तर ती नुसती आठवण. सगळा हिरवा निघाला तर पुष्कळदा ते ‘मी’ घातलेलं भाषण असतं.

पुष्कळदा म्हणतो, कारण चिंतन करत भटकणाऱ्या लेखात जुना ‘मी’ नसतोच. १५८० साली फ्रेंच लेखक मोंतेन्यनं आपल्या अशा लिखाणाला ‘एसे’ हे जे नाव दिलं त्याचा अर्थच ‘प्रयत्न’, चाचपणी. तिथे आधीचं मत आणि लिहिता लिहिता बदललेलं मत यांना दोन रंग द्या. काही बदलतच नसेल तर तो लेख वैचारिक समजा, ‘मी’ कितीही असोत.

रचना तपासायला परिच्छेद कापून जागा बदला. याच विषयावरचा माहितीपर लेख घ्या. केळीचं खोड लाकडी नसतं, मुळं फार खोल जात नाहीत, वर घडाचं ओझं, म्हणून वाऱ्यात बाग आडवी होते. उपाय म्हणून बागेभोवती शेवरी लावतात. यात शेवरी आधी आणि कारणं नंतर घेतली तरी वाचकाचं काही अडत नाही. मथळ्यावरूनही निष्कर्ष कळला तर उत्तमच.

त्या तरुणाच्या लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात कळतं की तो आता पीकविम्याचे अर्ज तपासतो आणि त्यावर एक रकाना आहे: पडलेल्या झाडांची संख्या. मी तो परिच्छेद वर नेऊन पाहिला. उड्या मारणारी पोरं लगेच उदाहरणादाखल आणल्यासारखी वाटायला लागली. मूळ जागी मात्र तो रकाना वाचताना खोडं परत डोळ्यांसमोर येतात, आणि या वेळी आपण ती मोजायला लागतो.

शेवट तपासायला वेळ घालवू नका. शेवटचं वाक्य झाकून पाहा. लेख तरीही पुरा वाटला तर ते वाक्य सभेतून आलेलं आहे. त्या तरुणाचं होतं, ‘शेतकऱ्याचं दुःख शेतकऱ्यालाच ठाऊक.’ तेवढं मात्र लाल पेनानं खोडलं, आणि ‘केयी पळली’ दोन्ही जागी पुन्हा लिहून दिलं.